‘कोणत्याही नंबरचा मालक शोधा’ म्हणणाऱ्या वेबसाइटवर विश्वास ठेवण्याआधी काय तपासायचं

मिस्ड कॉल येतो, गाडीला कुणीतरी घासून जातं किंवा जुनी स्कूटर विकणारा माणूस संशयास्पद वाटतो. अशा वेळी आपण नंबर गूगलवर टाकतो आणि समोर डझनभर वेबसाइट येतात. ‘मालकाचं नाव, पत्ता, लाइव्ह लोकेशन, फक्त दहा सेकंदांत.’ यातली कुठली खरी, कुठली थापाडी आणि कुठली धोक्याची, हे ओळखण्याची रीत इथे सांगतो आहे. त्यासाठी तांत्रिक ज्ञान लागत नाही, पण खरी नोंद कुठे असते आणि ती कुणाला पाहता येते, एवढं माहीत असावं लागतं. तिथूनच सुरुवात करू.

पहिली पायरी: खरी नोंद कुणाकडे आहे ते लक्षात घ्या

सिम कार्ड घेताना आपण ओळखपत्र, फोटो आणि पत्ता देतो. ही माहिती त्या टेलिकॉम कंपनीकडे राहते. भारतात मोबाइल ग्राहकांची अशी कोणतीही सार्वजनिक यादी नाही, जिच्यात कुणीही नंबर टाकून नाव बघू शकेल. पूर्वी घरोघरी लँडलाइनची जाडजूड डिरेक्टरी यायची, तशी मोबाइलची कधी निघालीच नाही. पोलिसांनाही ही माहिती हवी असेल, तर तपासाच्या कामासाठी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे रीतसर मागावी लागते.

सरकारचं स्वतःचं संचार साथी पोर्टल बघा. मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या या पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते कळतं, पण त्याआधी आपल्याच मोबाइलवर आलेला ओटीपी टाकावा लागतो. शेजाऱ्याच्या नंबरचा मालक तिथेही दिसत नाही. दूरसंचार विभाग जे दाखवत नाही, ते कुठली तरी अनोळखी वेबसाइट फुकटात दाखवत असेल, तर तिने ते आणलं कुठून, हा प्रश्न विचारायलाच हवा.

गाड्यांचं थोडं वेगळं आहे. देशभरातल्या आरटीओंच्या नोंदी ‘वाहन’ या केंद्रीय प्रणालीत असतात आणि त्यातला काही भाग सगळ्यांना पाहता येतो. `vahan.parivahan.gov.in` वर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये आपल्या मोबाइलने लॉगइन करून गाडीचा नंबर टाकला, की मॉडेल, इंधन, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, फिटनेस असे तपशील मिळतात. मालकाचं नाव मात्र झाकलेलं असतं. काही अक्षरं दिसतात, बाकीच्या जागी तारे असतात. पत्ता आणि मोबाइल नंबर दिसतच नाही.

ही माहिती एके काळी बऱ्यापैकी मोकळी होती. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१९ मध्ये ठोक माहिती विकण्याचं धोरण आणलं होतं. त्याच वर्षी राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार, ८७ खासगी कंपन्या आणि ३२ सरकारी संस्थांना या नोंदी पाहण्याची सोय देण्यात आली होती आणि त्यातून सरकारला ६५ कोटी रुपये मिळाले होते. खासगीपणाच्या चिंतेमुळे जून २०२० मध्ये ते धोरण मागे घेतलं गेलं. त्यामुळे आज एखादी साइट गाडीमालकाचं पूर्ण नाव आणि पत्ता दाखवत असेल, तर ती माहिती अंदाजाने बनवलेली असते, शिळी असते किंवा आडमार्गाने आणलेली असते.

दुसरी पायरी: पत्ता उजवीकडून वाचा

सरकारी वाटणाऱ्या साइटचा पत्ता वाचताना बहुतेक जण डावीकडून सुरू करतात आणि ‘परिवहन’ हा शब्द दिसला की थांबतात. फसवणारे याचाच फायदा घेतात. तुम्ही सुरुवातीचं `https://` सोडून त्यानंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग घ्या आणि तो उजवीकडून वाचा.

```
https://vahan.parivahan.gov.in/...
https://parivahan.gov.in.example.com/...
```

पहिल्या पत्त्याचा शेवट `gov.in` ने होतो. हे नाव सरकारी संस्थांनाच मिळतं. दुसऱ्यातही `gov.in` आहे, पण शेवट `example.com` ने होतो, म्हणजे ती साइट त्या नावाच्या मालकाची आहे. पुढे जोडलेलं सगळं त्याने आपल्या मर्जीने लिहिलेलं आहे. पत्त्याशेजारच्या कुलुपाच्या चिन्हाचा इथे उपयोग नाही. तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं कुणी ऐकत नाही, एवढंच ते चिन्ह सांगतं. साइट कुणाची आहे हे सांगत नाही.

आणि काही झालं तरी व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडू नका. ‘तुमच्या गाडीचं ई-चलन’ किंवा परिवहनच्या नावाने अशा फाइल खूप फिरतात. एकदा इन्स्टॉल झाली आणि तिला एसएमएस वाचायची परवानगी मिळाली, की बँकेचे ओटीपी थेट समोरच्याकडे जातात. ॲप हवं असेल तर प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरून घ्या आणि तिथेही ते कुणी प्रकाशित केलंय ते बघा.

तिसरी पायरी: अस्तित्वातच नसलेला नंबर टाकून बघा

साइट खरंच कुठे काही शोधते की शोधल्याचा देखावा करते, हे दोन मिनिटांत कळू शकतं. फक्त या चाचणीत स्वतःचा, घरच्यांचा किंवा ओळखीच्या कुणाचाही नंबर वापरू नका. नंबर टाकला की तो त्यांच्याकडे नोंदला जातो, आणि तुमचा नंबर चालू आहे व तुम्हाला अशा गोष्टींत रस आहे, हे त्यांना आयतंच कळतं.

भारतातले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणून `1234567890` टाका. गाडीसाठी `MH12OI1234` टाकता येईल. I आणि O ही अक्षरं एक आणि शून्य या आकड्यांसारखी दिसतात, म्हणून नंबरप्लेटच्या मालिकेत ती वापरत नाहीत. अशा नंबरांवरही ‘३ नोंदी सापडल्या’ असं उत्तर आलं, तर पुढे तपासायची गरजच उरत नाही.

साइट जरा हुशार असेल तर असे नंबर नाकारते. मग दुसरी चाचणी करा. पान पूर्ण उघडू द्या, मग मोबाइलचा डेटा आणि वायफाय बंद करा आणि ‘शोधा’चं बटण दाबा. खरी शोधयंत्रणा इंटरनेटशिवाय अडकून पडते. पण नेट बंद असतानाही ‘डेटाबेस तपासत आहोत… लोकेशन मिळालं… अहवाल तयार’ अशी हिरवी पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत धावली, तर ती पट्टी त्या पानातच रंगवलेलं चलच्चित्र आहे. अशा बहुतेक साइटवर त्यानंतर धूसर केलेला अहवाल आणि पैसे भरण्याचं बटण येतं. त्या धुक्यामागे काहीही नसतं.

या चाचण्यांत साइट नापास झाली तर ती खोटी आहे, हे नक्की. पास झाली म्हणजे खरी ठरली असं मात्र नाही, कारण पुढचे प्रकार याहून अवघड आहेत.

चौथी पायरी: उत्तर खरं निघालं, तर ते आलं कुठून?

ट्रूकॉलरसारख्या ॲपमध्ये दिसणारं नाव टेलिकॉम कंपनीच्या नोंदीतून येत नाही. ते लोकांनी आपापल्या फोनमध्ये काय नावाने सेव्ह केलंय त्यावरून, किंवा त्या माणसाने स्वतः प्रोफाइलवर काय लिहिलंय त्यावरून ठरतं. म्हणून एखादा प्लंबर तिथे ‘पाणी लीकेज दादा’ म्हणून दिसतो. कॉल उचलायचा की नाही हे ठरवायला ही माहिती चांगली आहे, पण ओळखीचा पुरावा म्हणून तिला काही किंमत नाही, कारण स्वतःचं नाव तिथे कुणीही हवं ते लिहू शकतं.

‘लोकेशन’चंही असंच. बहुतेक साइट नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून तो मुळात कोणत्या दूरसंचार सर्कलमध्ये दिला गेला एवढंच सांगतात. मुंबईचं सर्कल वेगळं आहे, बाकीचा महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं सर्कल होतं. म्हणजे कोल्हापूरचा आणि पणजीचा नंबर तिथे एकसारखाच दिसेल. जुलै २०१५ पासून तोच नंबर देशभरात कुठेही पोर्ट करता येतो, त्यामुळे ‘महाराष्ट्र’ दिसलेला माणूस कित्येक वर्षं बेंगळुरूत राहत असू शकतो आणि साइटने दाखवलेली कंपनीही जुनी असू शकते. फोन या क्षणी कोणत्या टॉवरवर आहे, हे त्याच्या टेलिकॉम कंपनीला कळतं. रस्त्यावरच्या वेबसाइटला कळत नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात गंभीर. काही साइट आणि टेलिग्रामवरचे बॉट खरंच नाव, वडिलांचं नाव, पत्ता दाखवतात. ही माहिती फुटलेली किंवा चोरलेली असते. अशा व्यवहाराची जुनी उदाहरणं आपल्याकडेच आहेत. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी कॉलचे तपशील बेकायदा मिळवून विकणारी टोळी उघडकीला आणली होती आणि त्यात खासगी गुप्तहेरांनाही अटक झाली होती. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार टेलिकॉम कंपनीच्या माहितीपर्यंत परवानगीशिवाय पोहोचणं हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी अडचण राहतेच. बंद पडलेला नंबर ९० दिवसांच्या थांब्यानंतर नव्या ग्राहकाला देता येतो. चोरीची यादी तीन-चार वर्षांची असेल, तर तिच्यातलं नाव आधीच्या मालकाचं असू शकतं. बायकांना रात्री-अपरात्री छळणाऱ्या नंबरचा ‘मालक’ म्हणून अशा यादीतून नाव काढून कुणीतरी दारात येऊन उभं राहणं, हे एखाद्या निरपराध घराच्या वाट्याला येऊ शकतं. मला या साइटचा सर्वांत जास्त राग येतो तो याच कारणाने.

एक उदाहरण: जुनी स्कूटर घेताना

नाशिकला राहणाऱ्या माझ्या भाच्याने ऑनलाइन जाहिरातीत एक स्कूटर पाहिली. किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी. विकणारा म्हणाला, ‘मी फौजेत आहे, बदली झालीये, गाडी कँपमध्ये आहे. टोकन पाठवा, गाडी घरपोच येईल.’ त्याने आरसीचा फोटो आणि ओळखपत्राचा फोटोही पाठवला. भाच्याने खात्री करायची म्हणून त्याचा मोबाइल नंबर एका साइटवर टाकला. नाव आलं, आणि ते आरसीवरच्या नावाशी जुळलं. मग त्याने गाडीचा नंबर सरकारी ‘वाहन’ पानावर टाकला. मॉडेल जुळलं, नोंदणीची तारीख जुळली, झाकलेल्या नावातली दिसणारी अक्षरंही जुळली. त्याने मला फोन केला, ‘मामा, सगळं बरोबर आहे. पैसे पाठवू का?’

सगळं जुळलं होतं हे खरं. पण काय जुळलं होतं ते नीट बघायला हवं. आरसीचा फोटो खऱ्याच गाडीचा होता, म्हणून सरकारी नोंद जुळली. पूर्वी कधी तरी खऱ्या मालकाने कुणाला तरी पाठवलेला फोटो असे लोक पुन्हा पुन्हा वापरतात. मोबाइलवरचं नाव जुळलं, कारण कॉलर आयडीच्या प्रोफाइलवर त्याने आरसीवरचंच नाव लिहून ठेवलेलं असू शकतं. राहिला एकच प्रश्न: फोनवर बोलणारा माणूस आणि ती गाडी यांचा एकमेकांशी संबंध आहे का? याचं उत्तर कुठल्याच वेबसाइटकडे नव्हतं, सरकारी साइटकडेही नाही.

मी त्याला म्हटलं, ‘गाडीच्या फ्रेमवर कोरलेला चॅसिस नंबर व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांग. शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद धरायला सांग.’ गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याला याला फार वेळ लागत नाही. समोरच्याने आधी नेटवर्कचं कारण दिलं, मग ‘आर्मीत व्हिडिओला परवानगी नाही’ म्हणाला, मग चिडला आणि दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणून घाई करू लागला. भाच्याने पैसे पाठवले नाहीत.

गाडी खरोखर समोर असेल तर पुढचा क्रम असा. चॅसिस नंबर मूळ आरसीशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. त्याचे शेवटचे चार आकडे घेऊन महाराष्ट्राच्या ई-चलन साइटवर, म्हणजे `mahatrafficechallan.gov.in` वर थकलेला दंड तपासा. ही साइट हे आकडे आधी विचारते. खऱ्या यंत्रणा अशाच असतात, तुमच्याकडे गाडीचे कागद आहेत का, हे त्या विचारून घेतात. कर्जाचा बोजा दिसत असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि नमुना ३५ मागा. नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० वर मालकाची सही तुमच्यासमोर घ्या. पैसे त्यानंतर.

नंबरच्या मालकापर्यंत खरंच पोहोचायचं असेल तर

अपघात करून गाडी पळाली असेल आणि नंबर टिपलेला असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १६० तुमच्या बाजूने आहे. नुकसानभरपाईचा हक्क सांगणाऱ्या व्यक्तीने मागितल्यावर आरटीओने किंवा ठाणे अंमलदाराने ठरलेली फी घेऊन गाडीचे तपशील आणि अपघाताच्या वेळी ती वापरणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा असतो. त्यासाठी आधी पोलिसांत अपघाताची नोंद करा. अर्जात तारीख, वेळ, ठिकाण आणि गाडीचा नंबर स्पष्ट लिहा, कलमाचा उल्लेख करा आणि पोच घ्या. यात दिवस जातात, पण या मार्गाने आलेलं नाव दाव्यात उभं राहतं. वेबसाइटवरून मिळालेलं राहत नाही.

गाडी तुमच्या दारासमोर अडवून लावली असेल, तर मालक शोधण्यापेक्षा वाहतूक पोलिसांना कळवणं लवकर होतं.

फसवणुकीचा संशय असलेला कॉल किंवा मेसेज संचार साथीवरच्या ‘चक्षू’मध्ये नोंदवा. `cybercrime.gov.in` वर संशयित नंबर तपासण्याचीही सोय आहे. त्या नंबरविरुद्ध आधी तक्रारी झाल्यात का, एवढं तिथे कळतं, मालकाचं नाव कळत नाही. तक्रार नसली म्हणून नंबर स्वच्छ ठरत नाही, कारण फसवणारे सिम भराभर बदलतात. छळ होत असेल तर स्क्रीनशॉट, कॉलच्या वेळा आणि मेसेज तसेच जपून ठेवा आणि पोलिसांत द्या. पुढचं नाव काढण्याचं काम त्यांचं.

कॉल येतानाच सिम घेताना दिलेलं नाव दिसावं, अशी शिफारस ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली आहे. ती सोय येणाऱ्या कॉलपुरती आहे. तिचं नाव सांगून कुणी ‘सरकारमान्य नंबर शोध’ विकत असेल, तर तो खोटं बोलतोय.

माहिती आधीच दिली असेल तर

फक्त एखादा नंबर टाकला असेल, तर पुढचे काही दिवस विमा, कर्ज किंवा ‘तुमचं सिम बंद होणार’ असे कॉल येऊ शकतात. त्यांना उत्तर देऊ नका. गाडीचा नंबर आणि स्वतःचा मोबाइल दोन्ही टाकले असतील, तर ही जोडी आता कुणाकडे तरी आहे. कॉल करणारा तुमच्या गाडीचं मॉडेल बरोबर सांगेल, तेवढ्यावरून तो विमा कंपनीतलाच आहे असं समजू नका.

‘एक रुपयात अहवाल’ म्हणून पैसे भरले असतील, तर यूपीआय ॲपमधल्या ‘ऑटोपे’ विभागात जाऊन बघा. एक रुपया भरताना पुढे दरमहा मोठी रक्कम कापायची मंजुरी घेतलेली असू शकते. ती तिथल्या तिथे रद्द करता येते. कार्ड वापरलं असेल तर बँकेच्या ॲपमधून ऑनलाइन व्यवहार बंद करा आणि कार्ड बदलून घ्या.

ॲप इन्स्टॉल केलं असेल तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा. सेटिंग्जमध्ये जाऊन त्या ॲपची ‘ॲक्सेसिबिलिटी’ आणि ‘डिव्हाइस ॲडमिन’ परवानगी काढा, कारण ती असेपर्यंत काही ॲप काढूच देत नाहीत. मग ॲप काढा आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. खात्यातून पैसे गेले असतील तर हे सगळं करत बसण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडवता येतात ते पहिल्या काही तासांतच. तक्रार करताना व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा, तिकडून तेच आधी विचारतात.